गटार शेवटी कुठं उघडतं ते आधी बघा

दोन दिवसांपासून एका झोपडपट्टीवर चाललेल्या बुलडोझरचे फोटो फिरतायत आणि खाली कॉमेंट एकच, "साफ झालं एकदाचं". मला हे वाचून खूप त्रास होतो, कारण ड्रेनेजच्या लेव्हल, म्हणजे जमिनीची आणि पाइपची उंची-खोली, काढण्यात माझी बरीच वर्षं गेलीयत आणि अशा वस्त्यांमध्ये काय करता येतं हे माहिती असूनही लोकांना फक्त पाडापाडच सुचते. म्हणून आज लांबलचक लिहितेय. उदाहरण एकच घेते, कराचीतलं ओरंगी, कारण वस्ती का वाढते आणि न पाडता ती कशी सुधारते हे दोन्ही तिथं नीट दिसतं.

आधी वाढते का ते. शहरात काम मिळतं म्हणून माणूस येतो आणि त्याला आज रात्री झोपायला जागा लागते. सरकारी प्लॉट असतो, पण तो ठरलेल्या साइजपेक्षा लहान मिळत नाही, रस्ते गटारं वीज सगळं झाल्यावरच विक्रीला निघतो, मग अर्ज करा, एकरकमी पैसे भरा आणि काही वर्षं थांबा. रोजंदारीवरचा माणूस इतकं थांबू शकत नाही. ओरंगी १९६५ च्या सुमारास वसायला लागलं आणि १९७२ नंतर भराभर पसरलं, तिथली जमीन सरकारची होती, ती दलालांनी ताब्यात घेतली, सरळ गल्ल्या आखल्या, साधारण १२० चौरस यार्डाचे प्लॉट पाडले आणि विकले. कागद कसलाच नाही. पण ताबा लगेच, पैसे हप्त्यानं, सुरवातीला टँकरनं पाणी आणायची सोयही दलालच करायचा आणि पोलिसांना काय द्यायचं तेही तोच बघायचा. बेकायदा होतं हे सगळं, आणि त्यात लोकांची लूटही होती, हे मी अजिबात झाकणार नाही. पण गरिबाला परवडेल अशा पद्धतीनं जमीन विकणारा दुसरा कोणी बाजारातच नव्हता.

मग घर कसं उभं राहिलं? तिथं गल्लीच्या तोंडाशी बांधकाम साहित्याची वखार असायची, तिला 'थल्ला' म्हणतात. थल्लेवाला सिमेंटचे ब्लॉक, पत्रे उधारीवर द्यायचा, भिंत कशी उचलायची ते सांगायचा, मिस्त्रीही गाठून द्यायचा. आधी एक खोली, पुढच्या वर्षी पक्कं छत, मुलगा कमावता झाला की वरचा मजला. बँकेनं ज्याला दारातही उभं केलं नसतं त्या माणसानं दहा-पंधरा वर्षांत पक्कं घर बांधलेलं असायचं, आणि अशी घरं हजारोंनी.

आता अडायचं कुठं, तर गटारापाशी. खोली माणूस एकटा बांधू शकतो, ड्रेनेज लाइन एकट्याला टाकता येत नाही, कारण तुमच्या दारापुढचा पाइप शेजाऱ्याच्या दारापुढून गेल्याशिवाय पुढं जातच नाही. मग कोणी टोपलीचा संडास ठेवला, कोणी शोषखड्डा खणला, खड्डे काही वर्षांत भरले, सांडपाणी गल्लीत सोडलं, ते मुरून भिंतींना ओल आली, पोरं त्याच चिखलात खेळणार आणि आजारी पडणार. बाहेरचा माणूस हे बघतो आणि म्हणतो ही घाणेरडी वस्ती आहे, हलवा. अरे पण घरं चांगली आहेत, घरांच्या मधलं जे आहे ते नाहीये, आणि ते करायचं काम शहराचं होतं!

हलवून काय होतं तेही याच शहरात आधी बघून झालं होतं. १९५९ च्या सुमारास कराचीच्या मध्यातल्या निर्वासितांच्या झोपड्या उठवून लोकांना लांब कोरंगीला नेलं. आराखडा डॉक्सिआडिस या नावाजलेल्या ग्रीक नियोजकाचा, घरं व्यवस्थित, कागदावर सगळं सुंदर. पण काम राहिलं शहरात आणि घर गेलं लांब, जवळ येणारे कारखाने वेळेवर आले नाहीत, जाण्यायेण्यातच मजुरी जायला लागली, तेव्हा बरेच लोक मिळालेली जागा सोडून पुन्हा शहरात कामाजवळ झोपडी घालून राहिले. म्हणजे एक वस्ती पाडून दुसरी तयार झाली. गरीब माणूस घर निवडताना आधी कामाचं अंतर मोजतो, हे ज्या आराखड्यात धरलेलं नाही तो आराखडा टिकत नाही.

१९८० मध्ये सामाजिक कार्यकर्ते अख्तर हमीद खान यांनी ओरंगी पायलट प्रोजेक्ट सुरू केला, पुढं आर्किटेक्ट आरिफ हसन त्यात आले. खानांनी आधी महिनोन्महिने फक्त फिरून विचारलं की तुमची अडचण काय आणि तुम्ही स्वतः ती का सोडवत नाही. एक कारण असं निघालं की लोकांना वाटायचं गटार सरकारनं फुकट करून द्यायचं असतं. दुसरं, ठेकेदाराच्या दरानं परवडत नव्हतं. तिसरं, पाइप कसा टाकायचा ते माहिती नव्हतं, आणि चौथं म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांना एकत्र बसवणारं कोणी नव्हतं. मग त्यांनी कामाचे दोन भाग केले. घरातला संडास, गल्लीतली लाइन आणि दोन-चार गल्ल्या जोडणारी मधली लाइन हे लोक करतील, स्वतःच्या पैशानं. सगळ्या गल्ल्यांचं सांडपाणी वाहून नेणारी मोठी ट्रंक लाइन आणि शुद्धीकरण केंद्र हे सरकार करेल.

काम गल्लीगणिक चालायचं. वीस-तीस घरांची गल्ली एकत्र बसायची, आपल्यातलाच एक गल्ली-प्रमुख निवडायची, त्यानं अर्ज केला की प्रोजेक्टची माणसं येऊन लेव्हल घेणार, नकाशा आणि खर्चाचा अंदाज देणार, अवजारं आणि चेंबरचे साचे वापरायला देणार. पैसे प्रोजेक्ट हातात घ्यायचाच नाही, ते गल्ली-प्रमुख गोळा करणार आणि हिशोब गल्लीला देणार. मला यातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, कारण एखाद्यानं वर्गणी दिली नाही तर त्याच्या दारात जाऊन बसणारे शेजारीच असतात, ऑफिसातून कोणाला यावं लागत नाही. ठेकेदार गेला, डिझाइन साधं केलं आणि खर्च सरकारी दराच्या कितीतरी खाली आला.

आता उताराचं सांगते, कारण अशी कामं फसतात ती बहुतेक वेळा इथंच, आणि हे साध्या आकड्यांत कळतं. समजा गल्लीच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा घरं, एका घराची रुंदी ६ मीटर, म्हणजे गल्ली ७२ मीटर लांब आणि जमीन सपाट. पाइपला शंभराला एक उतार दिला तर शेवटापर्यंत तो ७२ सेंटीमीटर खाली जातो. सुरवातीलाच ४५ सेंटीमीटर खोल असेल तर टोकाला तो १ मीटर १७ सेंटीमीटर खोल झाला. आणि समजा टोकाचा नाला गल्लीपेक्षा १ मीटरच खोल आहे, तर पाइप नाल्याच्या तळाच्याही खाली निघाला, म्हणजे मैला पाइपात उलटा मागं नाल्याजवळच्या घरांकडे तुंबणार. दीडशेला एक उतार घेतला तर खोली ९३ सेंटीमीटर येते, तळाच्या जेमतेम ७ सेंटीमीटर वर, पण उतार कमी झाला की घट्ट मैला पाइपात बसायला लागतो. म्हणून ओरंगीत प्रत्येक घराच्या बाहेर पडणाऱ्या पाइपवर एक छोटी हौदी बांधली, घट्ट ते तिच्यात बसतं आणि पातळ पाणी पुढं जातं, त्यामुळं कमी उतारावर बारीक पाइप चालून जातो. ती हौदी मात्र घरच्यांनी वेळच्या वेळी उपसायलाच हवी, नाही उपसली तर सगळी गल्ली तुंबते.

आणि म्हणूनच कुठल्याही वस्तीत मी आधी नाल्याची लेव्हल घेते आणि तिथून मागं घराकडे येते. घराकडून सुरू केलं की हमखास फसतं. तसंच रस्ता दरवर्षी वरून काँक्रीट ओतून उंच करत गेले की घरं खड्ड्यात जातात आणि तुमची ठरवलेली लेव्हल वाया जाते, हे तर मी डोळ्यांनी बघितलंय. एका वस्तीत आम्ही घातलेली लाइन उत्तम चालत होती, दोन वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडला, चेंबरची झाकणं खाली गाडली गेली आणि तुंबलं तेव्हा चेंबर कुठं आहे हेच कोणाला सापडेना, शेवटी जुन्या नकाशावरून टेपनं अंतर मोजत मोजत पहारीनं फोडून झाकण काढलं.

ओरंगीत ९० हजारांहून जास्त घरांनी हे असं स्वतःच्या पैशानं केलं. पण सरकारचा भाग मागं राहिला. गल्ल्यांच्या लाइनी जवळच्या उघड्या नैसर्गिक नाल्यांत सोडाव्या लागल्या आणि मैला प्रक्रिया न होताच समुद्राकडे जात राहिला. याच प्रोजेक्टच्या परवीन रहमान यांनी वस्तीतल्या मुलांना हाताशी धरून गल्ली-गल्लीचे, नाल्यांचे नकाशे केले आणि दाखवून दिलं की अधिकाऱ्यांच्या कागदावर जिथं काहीच नाही तिथं लोकांच्या लाइनी चालू आहेत, तेव्हा नवी समांतर लाइन घालू नका, या नाल्यांनाच बंदिस्त ट्रंक करा. त्यांनी जमीन बळकावणं आणि पाण्याची चोरी याचीही नोंद ठेवली होती. १३ मार्च २०१३ ला त्यांचा गोळ्या घालून खून झाला. हे लिहिताना अजूनही हात थांबतो.

पैसे लोक घालतात ते उद्या पाडणार नाहीत अशी खात्री असेल तरच. सिंध प्रांतात १९८७ मध्ये कच्ची आबादी कायदा झाला, त्यातून अशा वस्त्या कायम करून लीज द्यायचा रस्ता निघाला. पण माझ्या बघण्यात असं आलंय की लीजचा कागद हातात यायच्या आधीच, नुसती गल्लीत पाण्याची लाइन आली किंवा दाराला नंबर लागला तरी लोक पत्रा काढून स्लॅब टाकतात. त्यामुळं कागदाचं काम लांबलं तरी पाइप थांबवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

ओरंगीला एक गोष्ट सोपी गेली, दलालांनी गल्ल्या सरळ आखल्या होत्या. जिथं घरं एकमेकांना चिकटून वाकडीतिकडी बसलीयत तिथं पाइपला जागाच नसते. थायलंडमध्ये २००३ पासूनच्या बान मनकोंग कार्यक्रमात लोकांची सोसायटी आधी बचत करते, स्वतः सर्व्हे करते आणि मग कोणाचं घर किती मागं सरकवायचं ते आपापसात बसून ठरवते. वेळ लागतो, भांडणं होतात. पण चार घरं सरकवून बाकीची सगळी जागेवर राहतात.

आणि काही घरं खरंच हलवावी लागतात, हेही मी मानते. नाल्याच्या पात्रात बांधलेलं घर कितीही सुधारलं तरी पुरात ते जाणार. पण कराचीत ऑगस्ट २०२० च्या पावसानंतर २०२१ मध्ये गुज्जर आणि ओरंगी नाल्यांच्या काठची हजारो घरं पाडली, त्यात लीज असलेलीही होती, आणि लोकांना पर्यायी घर हातात मिळायच्या आधीच रस्त्यावर यावं लागलं. नाल्यात कोणती घरं येतात ते लेव्हल घेऊन एकेक घर मोजून ठरवता येतं, तेवढ्याच घरांना त्याच वस्तीत किंवा चालत जाता येईल इतक्या जवळ आधी घर बांधून द्यायचं आणि मग जुनं काढायचं. फोटोतल्या त्या वस्तीत कोणी लेव्हल घेतली होती का, कोणाच्या दारावर पुराच्या पाण्याची खूण केली होती का, हे मी विचारतेय. कोणाला माहिती असेल तर खाली लिहा.