हापूसचे तीन भाव कशासाठी?

"चांगला हापूस निर्यातदाराला सहाशेने डझन आणि आपल्याला उरलासुरला आठशेने. ग्रेडिंगच्या नावाखाली लूट चाललीय. एका झाडाचा आंबा, सगळ्यांना एकच भाव लावा!" असं गिऱ्हाईक आम्हा बागायतदारांना सुनावतं.

'उरलासुरला' म्हणजे नक्की काय? आमच्या पडवीत प्रतवारी करताना चव कोणी बघत नाही, वजन आणि साल बघतात. निर्यातदाराला 250 ते 300 ग्रॅमचं, एका मापाचं, बिनडागी फळ लागतं. देठाचा चीक ओघळून साल काळवंडली किंवा फांदीचा ओरखडा असला, की ते बाजूला. आतून तो आंबा तसाच असतो. उलट अमेरिकेचा माल विकिरणातून जातो, युरोपचा 48 अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडतो. गवताच्या आढीत निवांत पिकलेला तुमच्याच घरी येतो.

मोठा आंबा म्हणजे उत्तम आंबा, हेही नाही. साका मोठ्या फळांत जास्त निघतो आणि बाहेरून कळत नाही. कापल्यावरच पांढरट, स्पंजासारखा गर दिसतो. तीनशेच्या वरचं फळ आमच्याकडे पाहुण्यांसमोर कापत नाहीत, आधी आत जाऊन बघून येतात!

आता तो सहाशे-आठशेचा हिशेब. तुमचेच आकडे घेऊ. निर्यातदार चौदा आणे तयार झालेला हिरवा आंबा पडवीतून स्वतःच्या क्रेटमध्ये उचलतो. सहाशे हातात, पुढचं नुकसान त्याचं. तुम्हाला द्यायचा तर आठ-दहा दिवस आढी सांभाळायची. डझनात एखादं फळ कुजतं किंवा साक्याचं बदलून द्यावं लागतं, ते सत्तर रुपये धरा. खोका आणि गवत साठ, घरपोच भाडं शंभर. उरले पाचशे सत्तर. वाशीला पाच डझनांची पेटी अडीच हजारांना गेली तरी पेटी, ट्रक, हमाली वजा जाता डझनामागे सव्वाचारशेच्या आसपास पडतात, पण तिथे एका रात्रीत शंभर पेट्या खपतात.

आणि एकच भाव लावायचा तर माल मिसळावा लागेल. मिसळलेल्या पेटीत व्यापारी आधी तळचा थर उपसतो आणि भाव करतो तो सगळ्यात बारक्या फळाचा. मग मोठ्या फळाचे पैसे कोण देणार?

लबाडी होत नाही असं मात्र नाही. वर मोठी, खाली बारकी फळं लावणारे आमच्यातच आहेत. घरच्या काट्यावर सगळी फळं तोला. पिकताना आंबा आटतो, 250 चा हिरवा आंबा पिकून 225 भरला तर भांडू नका. पण 250 लिहिलेल्या डझनात चार फळं 180 ची निघाली, तर खोका सरळ परत पाठवा.