कंपनीचा माणूस

चवथीच्या ऑफरमध्ये म्हापशाहून वॉशिंग मशीन आणायचे ठरले असेल, तर दुकानाचा फलक बघावा आणि तेवढ्यावरच थांबावे. पुरुषभर उंचीचा लोगो आणि आतल्या पोरांच्या अंगात कंपनीच्या रंगाचे टीशर्ट दिसले की ती कंपनीचीच शाखा. शंका काढणे म्हणजे भल्या दुकानदाराचा अपमान. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘अधिकृत विक्रेता’ दिसलेच, तर चष्म्याचा नंबर वाढला असे समजावे.

२०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १२ उगाच सांगते, की कंपनीचा धंदा जिथे चालतो त्या प्रत्येक जागेबाहेर तिचे पूर्ण नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता लिहिलेला असला पाहिजे. पूर्ण नाव म्हणजे शेवटी ‘लिमिटेड’ किंवा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असलेले. नुसत्या लोगोत हे काही नसते. पण लोगो दिसायला सुंदर असतो, पत्ता नसतो.

बिल मिळताच घडी घालून वॉरंटी कार्डात सरकवावे. काही चिकित्सक मंडळी ते वाचत बसतात आणि स्वतःचा आनंद घालवतात. बिलावरचा पंधरा खुणांचा जीएसटी क्रमांक, समजा, असा आहे:

```
30XXXPN0000X1Z0
```

पहिले दोन आकडे राज्याचे, गोव्याचे ३०. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत मालकाचा पॅन. त्यातले सगळ्यात चहाडखोर अक्षर म्हणजे सहावे. इथे P आहे, म्हणजे मालक एक व्यक्ती आहे आणि त्यापुढचे N हे बहुधा त्याच्या आडनावाचे आद्याक्षर. F असेल तर भागीदारी, C असेल तर कंपनी. लोगो कितीही उंच असो, P किंवा F वाले दुकान त्या लिमिटेड कंपनीची शाखा असू शकत नाही. एक अक्षर, आणि सगळी मजा गेली.

C दिसले की मात्र निश्चिंत झोपावे. विक्रेत्यानेही स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड काढलेली असू शकते, हा विचार मनात आणू नये. तो आलाच, तर `services.gst.gov.in` वर `Search Taxpayer` मध्ये क्रमांक टाकून `Legal Name of Business` बघण्याचा मोह होतो आणि ते नाव वॉरंटी कार्डावरच्या कंपनीच्या नावाशी अक्षरशः जुळते का, हेही कळते. आपण त्याऐवजी `Trade Name` बघावे. ते दुकानाने स्वतःच भरलेले असते, त्यामुळे हवे ते सापडण्याची शक्यता जास्त.

आता पावसाळा. आषाढात गोव्याची दमट हवा आतल्या सर्किट बोर्डावर, म्हणजे पीसीबीवर बसते आणि मशीन मध्येच बंद पडते. अशा वेळी कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर मुळीच फोन करू नये. तिथे तक्रार क्रमांक एसएमएसने येतो, म्हणजे कंपनीच्या दप्तरी तारीख पडते. थेट दुकानात सांगावे; ते जॉबशीट देतील. जॉबशीटचा क्रमांक फक्त त्यांच्या वहीत असतो आणि वही ओळखीची माणसे सांभाळतात. महिन्याने वॉरंटी संपली, की कंपनीला पहिला फोन कधी केला होता हा प्रश्नच उरत नाही.

मग ‘कंपनीचा माणूस’ येतो. तो बहुतेक वेळा सर्व्हिस सेंटरच्या पगारावर असतो. वॉरंटीतल्या कामाचे सेंटरला कंपनी ठरलेले पैसे देते. खरी मिळकत वॉरंटीबाहेरच्या सुट्या भागांत आणि मजुरीत. म्हणून ‘बोर्डाला गंज आहे, वॉरंटीत बसत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून आले की लगेच मान डोलवावी. वॉरंटी नाकारायचा निर्णय कंपनीचा असतो, तो लेखी मागता येतो, हे विसरून जावे. जाता जाता तो ओटीपी मागेल. काम व्हायच्या आधीच द्यावा. बऱ्याच कंपन्यांत त्या ओटीपीने तक्रार ‘समाधानकारक’ म्हणून बंद होते. समाधान कोणाचे, ते विचारू नये.

वार्षिक देखभाल करारही त्याच्याकडूनच घ्यावा. यूपीआयवर पैसे पाठवताना कंपनीऐवजी कुणा व्यक्तीचे नाव आले तरी पिन दाबावा. पावतीवर कंपनीचा करार क्रमांक नसेल तर तो करार सेंटरचा स्वतःचा. उद्या सेंटरची नेमणूक गेली, की कंपनी त्या कागदाला ओळखणार नाही. भिंतीवरच्या अधिकृत प्रमाणपत्राला मुदत असते, पण फ्रेम चांगली असली की तारखेकडे कोण बघतो?

एवढे करून प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलेच, तर २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. काणकोणातल्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही. तिथे फक्त दुकानदाराला प्रतिपक्ष करावे, वॉरंटी कार्डावरचे ते लांबलचक नाव लिहिण्याचा कंटाळा करावा. दुकानदार सांगेल, दोष कारखान्यातला, मी फक्त विक्रेता. आणि कंपनीला कुणी बोलावलेलेच नसेल.