समीकरण एकच, पण इलेक्ट्रॉनची वाट वेगळी

*वाचकाची प्रतिक्रिया: “इंजिनात हायड्रोजन जाळा किंवा फ्युएल सेलमध्ये घाला, शेवटी पाणीच होतं. समीकरण एकच, तर ऊर्जाही एकच. मग फ्युएल सेल जास्त कार्यक्षम कसा? आणि ‘त्याला कार्नोची मर्यादा नाही’ हे तुमचं वाक्य तर सरळ दिशाभूल करणारं आहे.”*

दुसऱ्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे, आधी तेच मान्य करतो. ते वाक्य मी अर्धवट सोडलं होतं. उष्णतेवर चालणाऱ्या कुठल्याही इंजिनाची कमाल कार्यक्षमता तापमानांतल्या फरकाने ठरते, ती कार्नोची मर्यादा. फ्युएल सेलला ती नाही, पण स्वतःची मर्यादा आहे. एक मोल हायड्रोजन, म्हणजे जेमतेम २ ग्रॅम, ऑक्सिजनशी मिळून द्रवरूप पाणी झालं की २८६ किलोज्यूल ऊर्जा सुटते. त्यातली २५ अंश सेल्सिअसला फार तर २३७ किलोज्यूल वीज म्हणून काढता येते. उरलेली ४९ उष्णता म्हणून जाणारच, सेल कितीही चांगला बनवा. म्हणजे कमाल ८३ टक्के. तापमान वाढवलं की हा आकडा घसरतो. १००० अंशांवर तो साधारण ६२ टक्क्यांवर येतो, आणि तिथे कागदावरचं आदर्श उष्णता-इंजिन फ्युएल सेलच्या पुढे असतं!

आता पहिला मुद्दा. एकूण अभिक्रिया खरंच एकच आहे:

2H₂ + O₂ → 2H₂O

इंजिनात ती एका झटक्यात होते. हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन तिथल्या तिथे ऑक्सिजनकडे सरकतात, सगळी ऊर्जा आधी उष्णता होते आणि मग तापलेला वायू पिस्टन ढकलतो. त्या वायूतली बरीच उष्णता सिलिंडरच्या भिंतींना आणि धुराड्याला जाते. फ्युएल सेलमध्ये हेच काम दोन ठिकाणी वाटून दिलेलं असतं. अॅनोडवर:

2H₂ → 4H⁺ + 4e⁻

आणि कॅथोडवर:

O₂ + 4H⁺ + 4e⁻ → 2H₂O

मधलं पटल प्रोटॉनना जाऊ देतं, इलेक्ट्रॉनना नाही. त्यांना तारेतून वळसा घालून जावं लागतं, आणि त्या वळशातच आपण मोटर बसवतो. (शाळेतलं ‘धनाग्र’ इथे डोक्यात आणू नका. फ्युएल सेलचा अॅनोड हे ऋण टोक असतं.)

दोन ग्रॅमचा हिशोब पूर्ण करू. एक मोल हायड्रोजन म्हणजे दोन मोल इलेक्ट्रॉन, म्हणजे सुमारे १,९३,००० कूलोम. आदर्श व्होल्टेज १.२३. पण चालत्या सेलवर मीटर लावला तर ०.७ च्या आसपास दिसतो. १,९३,००० गुणिले ०.७ म्हणजे १३५ किलोज्यूल वीज, २८६ पैकी सुमारे ४७ टक्के. पंप आणि कॉम्प्रेसरचा खर्च वजा केला की आणखी थोडे कमी. ८३ कुठे आणि हे कुठे!

हा अर्धा व्होल्ट कुठे जातो, ते चाचणीच्या टेबलावर डोळ्यांनी दिसतं. काहीच भार नसताना काटा एकच्या जरा खाली असतो. किंचित प्रवाह घेतला की तो धाडकन ०.८ च्या आसपास येतो. हा बहुतेक कॅथोडचा दोष. हायड्रोजन उत्प्रेरकावर, म्हणजे प्लॅटिनमवर, चटकन फुटतो, पण ऑक्सिजनचा बंध तोडायला चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन एकत्र यावे लागतात, आणि ते काम प्लॅटिनमलाही जड जातं. पुढे प्रवाह वाढवाल तसं व्होल्टेज सरळ रेषेत उतरत जातं. हा मुख्यतः पटलाचा रोध. शेवटी ते एकदम कोसळतं, कारण वायू उत्प्रेरकापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. कॅथोडला हवा पुरवणाऱ्या खाचांत पाणी साचलं तर काटा करवतीच्या दातांसारखा हलतो: थेंब अडकला की खाली, हवेने ढकलला की वर.

व्होल्टेजच्या या उतारातच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. कमी प्रवाह म्हणजे जास्त व्होल्टेज, म्हणून फ्युएल सेल हलक्या भारावर जास्त कार्यक्षम असतो (अगदीच नगण्य भारावर मात्र पंपच वीज खातात). पेट्रोलच्या इंजिनाचं उलटं. हलक्या भारावर थ्रॉटल अर्धवट बंद असतं आणि घर्षण तर तेवढंच राहतं. थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीत म्हणून सेल सरळ जिंकतो. सतत पूर्ण भार ओढणाऱ्या ट्रकमध्ये फरक बराच कमी होतो, आणि तिथे ‘हायड्रोजन इंजिनातच जाळा’ हे म्हणणं मला अजिबात वेडगळ वाटत नाही.

त्या इंजिनाला अशुद्ध हायड्रोजनही चालतो. सेल बिघडवायला कार्बन मोनॉक्साइडचे दशलक्षात काही कणही पुरतात: ते अॅनोडच्या प्लॅटिनमला चिकटून बसतात आणि हायड्रोजनला जागाच उरत नाही. शिवाय गाडीतला सेल सुमारे ८० अंशांवर चालतो, त्यामुळे त्याची उष्णता बाहेर टाकायला मोठा रेडिएटर लागतो. इंजिनाची बरीचशी उष्णता धुरातून आपोआप निघून जाते.

एक गोष्ट मात्र तुम्ही सोडलीत. सिलिंडरमध्ये हायड्रोजनसोबत हवेतला नायट्रोजनही तापतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. मिश्रण खूप पातळ ठेवलं तर ते कमी होतात, पण ताकदही कमी होते. ‘शेवटी पाणीच होतं’ हे वाक्य पूर्णपणे लागू पडतं ते फक्त फ्युएल सेलला.