टेन ऑफ स्वोर्ड्स म्हणजे काडीमोड नव्हे

टॅरोच्या पत्त्यांत थ्री ऑफ स्वोर्ड्स म्हणजे तीन तलवारींचा पत्ता, टेन म्हणजे दहा तलवारींचा. त्यांच्याबद्दल असं ऐकायला मिळतं: "फसवणूक झाल्यावर थ्री आणि टेन ऑफ स्वोर्ड्स एकत्र आले की विषय संपला. पत्त्यांनी निकाल दिलाय, आता मागे वळून बघू नका."

एकत्र आले, पण कोणत्या जागांवर? ते न विचारता अर्थ सांगणं म्हणजे सातबारा न बघता शेताची हद्द ठरवणं. अमळनेरकडच्या एका ताईंचं वाचन सांगते. नवऱ्याने न विचारता त्यांची सोन्याची पोत गहाण टाकली आणि पैसे मित्राच्या धंद्यात घातले. मांडणी तीन पत्त्यांची होती: काय घडलं, माझ्या मनात काय चाललंय, माझ्या हातात काय आहे. पहिल्या जागी थ्री आला, दुसऱ्या जागी टेन. टेन बघताच ताई म्हणाल्या, "आते काय ऱ्हायनं?"

पण दुसरी जागा मनाची आहे. तिथला टेन एवढंच सांगतो, की ताईंना सगळं संपल्यासारखं वाटतंय. खरंच संपलंय की नाही, हा प्रश्न त्या जागेला विचारलेलाच नव्हता.

आता "निकाल". 1909 च्या रायडर-वेट संचात पामेला कोलमन स्मिथने काढलेला थ्री नीट बघा: लाल हृदय, आरपार तीन तलवारी, मागे ढग आणि पाऊस. माणूस एकही नाही. कोण दोषी, कोण राहणार, कोण जाणार, यातलं काही चित्रात नाही. आहे ती फक्त जखम. टेनमध्ये पालथा पडलेला माणूस आणि पाठीत दहा तलवारी. एकाच तलवारीने जीव गेला असता, मग दहा कशाला? मला तर हा दुःखाचा स्वतःचाच आवाज वाटतो. रात्री दोनला मन असंच मोजतं. वर आभाळ काळं आहे, पण क्षितिजाशी पिवळा उजेड आहे. हा पत्ता विशेषकरून हिंसक मृत्यूचा नाही, असं हा संच घडवणाऱ्या खुद्द वेटनेच लिहून ठेवलंय. दहावर मालिका संपते हे खरं, म्हणून काहीतरी संपलंय हे मी मान्य करते. ताईंच्या बाबतीत "पैशाचं ते बघतील" हा भरवसा संपला. संसाराचं त्या पत्त्यावरून कळत नाही.

"मागे वळून बघू नका" हे तर तिसऱ्या जागेने सरळ खोडलं. तिथे जस्टिस, म्हणजे न्यायाचा पत्ता होता: एका हातात उभी तलवार, दुसऱ्यात तराजू. म्हणजे आधी हिशोब बघा. ताईंनी नवऱ्याकडे गहाणाची पावती मागितली; तारीख, रक्कम, व्याज आणि घरात आणखी कोणाला माहीत होतं, हे विचारलं. राहायचं की नाही, ते या उत्तरांवरून ठरणार होतं.

म्हणून "माफ करून टाका" असंही पत्ते म्हणत नाहीत. मारहाण होत असेल तर पत्ते बाजूला ठेवा आणि 112 लावा. आणि रडून झाल्या झाल्या त्याच प्रश्नावर पुन्हा पुन्हा पत्ते काढू नका. तिसऱ्या-चौथ्या वेळी तुम्ही वाचत नसता, हवं ते उत्तर येईपर्यंत नुसते पिसत असता.