‘दोन हजार शेअर्सची बेरीज-वजाबाकी कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या पोस्टमध्ये मी दोन गोष्टींबद्दल लिहिलं होतं: ए-डी लाईन, म्हणजे रोज वाढलेल्या शेअर्सच्या संख्येतून घटलेल्यांची वजा करून उरलेला आकडा जोडत जाणारी रेषा, आणि निफ्टी ५०० मधले किती टक्के शेअर्स आपल्या २०० डीएमएच्या, म्हणजे २०० दिवसांच्या सरासरी भावाच्या, वर आहेत ते. त्यावर प्रतिक्रिया अशी होती: «निफ्टी ५० शेअर्सची आहे, मग दोन हजार शेअर्सची बेरीज-वजाबाकी कशाला? ए-डी लाईन मागे वळून बघितलं की नेहमी बरोबरच दिसते. आणि तुमचा २०० डीएमएचा चार्ट आजच्या निफ्टी ५०० च्या यादीवरून मागे नेलाय, तो चुकीचा आहे. इंडिकेटर विकणाऱ्यांसारखं लिहू नका.»

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं मी शांतपणे वाचलं, पण ते वाक्य वाचून चहा गार झाला. या ब्लॉगवर एक रुपयाचा कोर्स नाही, टेलिग्राम चॅनेल नाही, टिप्स नाहीत. विकतोय काय मी? मतभेद असू द्या की, पण सहा वर्षं फुकट लिहिणाऱ्या माणसाला दुकानदार म्हणायच्या आधी जरा बघावं तरी.

आता बेरीज-वजाबाकी. निफ्टी ५० शेअर्सची आहे हे मला माहीत नसेल असं तुम्हाला खरंच वाटलं का? अहो, म्हणूनच तर ती बेरीज करायची. निफ्टीत वजन फ्री-फ्लोट मार्केट कॅपनुसार, म्हणजे बाजारात खुल्या असलेल्या शेअर्सच्या एकूण किमतीनुसार असतं, त्यामुळे दोन-चार जड शेअर्स वर गेले की इंडेक्स हिरवा, मग बाकीचे रडत का असेनात. ए-डी लाईनमध्ये रिलायन्सला एक मत आणि कुठल्याशा नटबोल्ट बनवणाऱ्या कंपनीलाही एकच मत. समजा आज ८०० वाढले आणि ११०० घटले, तर उणे ३००. उद्या ९०० आणि १०००, म्हणजे उणे १००, एकूण उणे ४००. निफ्टी दोन्ही दिवशी वर असली तरी लाईन खालीच जाणार. त्या उणे ४०० ला स्वतःचा काही अर्थ नाही, कारण बेरीज कुठल्या तारखेपासून सुरू केली त्यावर तो आकडा ठरतो, बघायचं एवढंच की इंडेक्सने नवा हाय केला तेव्हा लाईननेही केला का.

२०१८ मध्ये नाही केला. निफ्टी जानेवारीत ११,१३० वर बंद झाली, मग पडली आणि २८ ऑगस्टला ११,७३८ ला पोचली. मधल्या काळात टीसीएस आणि रिलायन्स जोरात होते, दोघांचीही १०० अब्ज डॉलर मार्केट कॅपची बातमी त्याच वर्षी आली. स्मॉलकॅप मात्र जानेवारीच्या शिखराच्या बऱ्याच खाली बसलेले. आता तुम्ही म्हणाल हे मागे वळून बघणं झालं. माझ्याकडे त्या वर्षीची वही आहे, रोजचे वाढलेले-घटलेले पेनाने लिहिलेले. आणि वही नसती तरी माझा स्वतःचा पोर्टफोलिओ होता, चौदा शेअर्स, त्यातले अकरा २०० दिवसांच्या सरासरीखाली. कॅन्टीनमध्ये मित्र म्हणाला, ‘अरे मार्केट हायला आहे, पार्टी दे,’ आणि मी त्याला मोबाईल दाखवला. ऑक्टोबरच्या शेवटी निफ्टी १०,०३० ला होती. (आयएलअँडएफएस ही फायनान्स कंपनी बुडणार हे आधी कुणाला दिसलं होतं? मलाही नाही. लाईन कारण सांगत नाही, फक्त जमीन पोकळ आहे एवढं सांगते.)

एक गोष्ट मान्य. मी पोस्टमध्ये ‘लाईन आधीच सांगते’ असं लिहिलं, ते जरा सैल होतं. न्यूयॉर्कची ए-डी लाईन एप्रिल १९९८ मध्ये शिखरावर होती आणि एस अँड पी ५०० मार्च २००० मध्ये. जवळजवळ दोन वर्षं. तेव्हा एप्रिलमध्ये विकून बसलेल्या माणसाला शेजाऱ्यांनी किती हिणवलं असेल! म्हणून मी २०० डीएमएच्या वर असलेल्या शेअर्सची टक्केवारी सोबत बघतो. ए-डीमध्ये पाच पैसे वाढलेल्या शेअरलाही पूर्ण मत मिळतं, पण २०० डीएमएच्या वर राहायला शेअरला महिनोन्महिने तग धरावा लागतो.

राहिला यादीचा मुद्दा, त्यावर फार वेळ घालवत नाही. हो, आजची यादी मागे नेली की जे बुडाले ते बाहेर गेलेले असतात आणि जे वाढले ते आत आलेले, त्यामुळे जुनी टक्केवारी फुगून दिसते. म्हणजे २०१८ ची खरी स्थिती माझ्या चार्टपेक्षाही वाईट होती. हे माझ्या बाजूने गेलं की तुमच्या, तुम्हीच बघा. २०२० च्या तळाचा आकडाही त्यामुळे वर दिसत असेल हे खरं, आणि तिथे मी ‘इतकी कमी टक्केवारी म्हणजे तळ’ असं म्हटलंय, ती ओळ मी काढतोय. त्या-त्या वेळची यादी वापरून चार्ट पुन्हा बनवेन, दिवाळीच्या सुट्टीत वेळ मिळाला तर. तोवर दुकानदार हा शब्द मागे घ्या.