दोन अंडी, पाच पाव

परवा एका व्हॉट्सॲप ग्रुपवर तुरुंगातल्या मारामारीची बातमी आली आणि खाली नेहमीची प्रतिक्रिया: "गुंडच ते, एकमेकांना मारणारच." मी तिथं काही लिहिलं नाही. इथं लिहिते, कारण सहा वर्षं एका जिल्हा कारागृहात विधी सहाय्याची वकील म्हणून दर आठवड्याला जायचे, आणि हे वाक्य मला तेव्हापासून खुपतं.

भायखळ्याच्या महिला कारागृहातलं २०१७ चं प्रकरण आठवतंय का? मंजुळा शेट्ये. जन्मठेप भोगणारी बंदी, येरवड्याहून भायखळ्याला आलेली आणि तिथं आपल्या बराकीची वॉर्डर. २३ जूनच्या सकाळी नाश्त्याच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले. हिशेब वॉर्डरनं द्यायचा असतो. तिला बोलावून घेतलं, मारहाण झाली, आणि त्याच दिवशी तिचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी बायका छतावर चढल्या, कागद जाळले, आणि त्यातल्या दोनशेहून अधिक जणींवर दंगलीचा गुन्हा दाखल झाला. पुढं कारागृहातल्या सहा महिला कर्मचाऱ्यांना खुनाच्या आरोपाखाली अटक झाली.

त्या वेळी सगळी चर्चा छतावर कोण कोण प्रसिद्ध बायका होत्या याची झाली. मला मात्र एकच गोष्ट डोळ्यांपुढं दिसत होती. पावांचा हिशेब एका कैद्याकडे होता. म्हणजे पाव कमी पडले तर खालच्या बायका हिच्यावर चिडणार, आणि वरच्या बाईसाहेबही हिलाच धरणार.

वॉर्डर म्हणजे काय, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. तो शिपाई नव्हे. तो शिक्षा झालेला कैदीच असतो, चांगल्या वर्तणुकीवर निवडलेला. १८९४ च्या तुरुंग कायद्यात अशा कैदी-अधिकाऱ्यांना चक्क लोकसेवक मानलं होतं. इंग्रजांचा हिशेब सरळ होता, कैद्यावर कैदी नेमला की पगार वाचतो. वॉर्डरला पगाराऐवजी माफीचे दिवस जास्त मिळतात, म्हणजे शिक्षा तेवढी कमी होते. ज्याला दहा वर्षं काढायची आहेत त्याला एकेका दिवसाची किंमत काय असते, हे आपल्याला इथं बसून कळणार नाही.

आता बराकीत चला. संध्याकाळी मोजणी होते, कुलूप पडतं, ते सकाळी उघडतं. मधले जवळजवळ बारा तास आत साठ-सत्तर माणसं, क्वचित शंभर. बाहेर पहाऱ्याला एक शिपाई, आणि त्याच्याकडे किल्ली नसते. रात्री बराक उघडायची तर वरच्या अधिकाऱ्याला उठवून आणावं लागतं. पळून जाण्याच्या भीतीनं केलेला हा नियम आहे आणि तो चूक आहे असंही मी म्हणणार नाही. पण त्याचा अर्थ एवढाच, की रात्री दोन वाजता आत कुणी कुणाचा गळा धरला तर बाहेरचा शिपाई गजांतून ओरडू शकतो, पगली घंटी म्हणजे धोक्याची घंटा वाजवू शकतो. बस्स. त्या बारा तासांत आतलं सरकार वॉर्डरचं. आदर्श कारागृह नियमावली म्हणते की सहा कैद्यांमागं एक सुरक्षा कर्मचारी हवा. आमच्या तुरुंगात मला तो हिशेब एकाही पाळीत दिसला नाही.

या सरकारकडे वाटायला काय असतं? जागा, पाणी, काम आणि जेवणाचा क्रम. ऐकायला किरकोळ वाटतं. पण जिथं दुसरं काहीच नसतं तिथं हीच इस्टेट. जुना माणूस खिडकीखाली झोपतो, नवा संडासाच्या दाराशी. रात्रभर माणसं त्याला ओलांडून जातात, ओल्या पायांचं पाणी अंगावर पडतं. तिथून चार हात पुढं सरकायचं तर कँटीनमधून आणलेलं फरसाण, साबण, विडी काहीतरी हातावरून जावं लागतं. घरून मनीऑर्डर येणाऱ्याला मित्र लगेच मिळतात. ते एकत्र बसतात, पातळ भाजी चोरून पेटवलेल्या जाळावर पुन्हा उकळून हंडी करतात, आणि त्या हंडीत कोण खातो यावरून कोण कुणाचा ते ठरतं. ज्याची मनीऑर्डर येत नाही तो भांडी घासतो. आणि संडास कोण साफ करतो? माझ्या सहा वर्षांत ते काम बहुतेक वेळा पारधी पोरांच्याच वाट्याला आलेलं मी पाहिलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं नियमावल्यांमधली जातीवरची कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. कागदावरची गेली. बराकीतली कागदावर नव्हतीच.

कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगात जून २०२४ मध्ये १९९३ च्या बॉम्बस्फोटातला एक कैदी ठार झाला, तेव्हाही भांडणाची सुरुवात आंघोळीच्या जागी झाली होती आणि हत्यार होतं ड्रेनेजचं लोखंडी झाकण. टीव्हीवर टोळी, बदला, देशद्रोह असं सगळं चाललं होतं. खरं कारण काय ते तपास करणारे जाणोत. पण हौदापाशी नंबरावरून माणसाच्या डोक्यात झाकण घातलं जाऊ शकतं, यात मला काहीच अशक्य वाटत नाही. प्रश्न तांब्याभर पाण्याचा नसतो. आज नंबर सोडला तर उद्या जागा जाते, परवा ताटातली पोळी जाते. म्हणून बाहेर कधी कुणाला "अरे" न म्हणणारा माणूस आत पहिल्या आठवड्यात एकदा तरी भांडण उकरून काढतो. त्याला भांडायचं नसतं, दिसायचं असतं.

माझा एक पक्षकार होता. इथं त्याला सुरेश म्हणते. वय बावीस, बांधावरून झालेल्या मारामारीत चुलत्याचा जीव गेला म्हणून आत. तिसऱ्या भेटीला आला तेव्हा डावा डोळा सुजलेला.

"काय झालं रे?"

"बाथरूममध्ये घसरलो, मॅडम."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कुठल्याही तुरुंगाच्या फाटकावर ते कोरून ठेवावं. घसरलेल्या माणसाला कोपराला, कमरेला, फार तर कपाळाला लागतं. दोन्ही हातांच्या बाहेरच्या बाजूला, मनगट ते कोपर, वळ उठलेले असतील तर त्यानं हात वर करून तोंड झाकलेलं असतं. सुरेशचे हात तसेच होते. मी तक्रार लिहू का विचारलं तर तो घाबरला, मार खाताना घाबरला असेल त्याहून जास्त. तक्रार केली तर चौकशीला वॉर्डरलाच विचारणार, आणि रात्री कुलूप पडल्यावर तो आणि वॉर्डर एकाच छपराखाली. कोर्टात हजर करतानाही आता बऱ्याचदा व्हिडिओवरच करतात. न्यायाधीश विचारतात, "काही तक्रार?" कॅमेऱ्याच्या चौकटीत एकटा सुरेश दिसतो. चौकटीबाहेर कोण उभं आहे ते न्यायाधीशांना दिसत नाही.

त्याला जामीन मिळाला तेव्हा जामीनदार मिळायला आणखी अडीच महिने गेले. घरी गेल्यावर त्याची आई मला सांगत होती, "बाई, चार मिनिटांत जेवतो. आणि ताट धुऊन उशाशी घेऊन झोपतो." कोर्टाच्या व्हरांड्यात तारखेला आला की, आत असलेली पोरं जशी मोजणीसाठी जोडीनं उकिडवी बसतात, तसा तोही कुणीतरी शेजारी बघून उकिडवा बसायचा. बाकडं रिकामं असताना. त्याला मी दोनदा हाताला धरून उठवलं, मग सोडून दिलं.

वॉर्डर पद्धत बंद करा, असं मी तेव्हा तावातावानं बोलायचे. मग टेक्सासचं वाचलं. तिथं हीच पद्धत होती, कोठड्यांच्या इमारतींवर धष्टपुष्ट कैदी नेमायचे आणि ते सोटे घेऊन राज्य करायचे. डेव्हिड रुईझ नावाच्या कैद्यानं १९७२ मध्ये न्यायालयात हातानं लिहून तक्रार केली, १९८० मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला, आणि काही वर्षांत ती पद्धत मोडली. छान झालं ना? पण पहारेकरी पुरेसे नव्हते आणि होते ते नवखे. मोकळ्या झालेल्या जागेत टोळ्या शिरल्या. १९८४ आणि ८५ या दोन वर्षांत तिथल्या तुरुंगांत पन्नासहून अधिक कैद्यांचे खून झाले. मारणारे बहुतेक टोळ्यांचे. खुर्ची काढली तरी जागा, पाणी आणि भीती वाटणारा कुणीतरी लागतोच. तुम्ही नेमला नाहीत तर ते आपापसात नेमतात.

म्हणून आता माझं मत बदललंय, आणि ते फार कुणाला आवडणार नाही. आधी माणसं कमी करा. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यांतली तीन चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे अजून दोषी न ठरलेले. जामीन होऊनही जामीनदार नाही म्हणून पडलेली माणसं शोधून बाहेर काढा. पहिल्याच गुन्ह्यात कमाल संभाव्य शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढलेल्यांच्या जामिनासाठी कोर्टात अर्ज करायचं काम तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नं तुरुंग अधीक्षकांवरच टाकलंय. खुनासारख्या गुन्ह्यांना ते लागू नाही, हेही खरं. पण बराकीत शंभराची साठ माणसं झाली की संडासाच्या दाराशी कुणाला झोपावं लागत नाही, आणि ती जागा विकताही येत नाही. वॉर्डरच्या नीतिमत्तेवर भाषणं द्यायची गरज मग बरीच कमी होते.

सुरेशला पुढं दहा वर्षांची शिक्षा लागली. चार वर्षांनी एका मध्यवर्ती कारागृहात शिबिराला गेले तर पांढऱ्या कपड्यांत, हातात वही घेऊन तोच उभा. वॉर्डर. अंगानं भरलेला. मला बघून हसला, पाया पडायला वाकला. मी विचारलंच, संडासापाशी कोण झोपतं तुझ्या बराकीत?

"नवीन माणूस, मॅडम." थोडा थांबला. "मी पाळी लावून बघितली होती. आठवड्याला एक जण. पहिला आठवडा निघाला. दुसऱ्याला एका जुन्याचा नंबर आला, तो उठेना. रात्री दंगा झाला, पगली घंटी वाजली. सकाळी साहेब म्हणाले, तुझ्या बराकीतून पुन्हा आवाज आला तर वही दुसऱ्याकडं जाईल." माफीचे किती दिवस झाले तेही त्यानं सांगितलं, तोंडपाठ. "आई आता थकलीय, मॅडम. मला दोन दिवाळ्या आधी सुटायचंय."

मागं एक पोरगा भिंतीला टेकून उभा होता, ओठ फुटलेला. मी त्याच्याकडे पाहतेय हे सुरेशनं पाहिलं. तो काही बोलला नाही. वही उघडली आणि मोजणीला जोड्या लावायला निघून गेला.