चांदीचा पानडबा आणि घोड्याचा अडकित्ता: एका प्रतिक्रियेला उत्तर

जुने पानडबे आणि अडकित्ते कसे ओळखावेत, या माझ्या लेखावर एका वाचकाने लिहिलं आहे: “बिदरी डबा दिसला की बीदर, घोड्याचा अडकित्ता दिसला की कच्छ, असं ठोकून देऊन तुम्ही वाचकांची दिशाभूल करता. आणि धातूचं एवढं गुऱ्हाळ कशाला? लोहचुंबक चिकटला नाही की चांदी.”

पहिला मुद्दा मला मान्य आहे. बिदरी काम लखनौ, पूर्णिया आणि मुर्शिदाबादलाही होत असे. जस्तात थोडं तांबं घालून ओतलेला काळा डबा आणि त्यात ठोकून बसवलेली चांदी, यावरून पद्धत कळते, गाव कळत नाही. लेखातलं ते वाक्य मी बदललं आहे.

लोहचुंबकाचं मात्र पटत नाही. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू, आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. पितळेवर चांदीचा मुलामा असला तरी तेच.

माझ्याकडे आलेला एक पानडबा विकणाऱ्याने चांदीचा म्हणून दिला होता. वजन भरलं ४१२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणला आणि डबा दोऱ्याने पाण्यात सोडला. पूर्ण बुडाला पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये. काट्यावर आलेला आकडा म्हणजे डब्याने सारलेलं पाणी. ते निघालं ४८ ग्रॅम. ४१२ भागिले ४८, म्हणजे डबा तेवढ्याच जागेतल्या पाण्याच्या साधारण ८.६ पट जड. दागिन्यांच्या चांदीचा आकडा दहाच्या वर जातो. तेवढ्याच वजनाच्या चांदीने ४० ग्रॅमच्या आसपासच पाणी सारलं असतं. म्हणजे हा डबा चांदीचा नाही. तो जर्मन सिल्व्हरचा की मुलाम्याचा, हे या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी झाकणाच्या झिजलेल्या कडेला पिवळं दिसतंय का ते पाहावं लागतं. माझ्या डब्याला दिसलं. झाकण उघडून, डबा तिरका करून आतली हवा मात्र आधी काढा, नाहीतर चांदीसुद्धा हलकी भरेल.

चुंबकाचा खरा उपयोग अडकित्त्यात. अंग पितळेचं असलं तरी पातं लोखंडाचं किंवा पोलादाचं असतं, तिथे तो चिकटलाच पाहिजे. त्यानंतर मी झीज बघते. वर्षानुवर्षं सुपारी कातरलेल्या अडकित्त्यात सुपारी ठेवायच्या जागी खोलगट पडते, आणि दांडे तळहात लागतो तिथे गुळगुळीत होतात, घोड्याच्या आयाळीची नक्षी पुसट होते. नव्या नकलेत हिरवट काळपटपणा सगळीकडे सारखा असतो, अगदी मुठीतही. हात लागत असता तर तिथे तो टिकलाच नसता. पुष्कळदा पातं खालच्या दांड्याला नीट भिडतही नाही.

घोडा, पोपट, जोडपं हे आकार अनेक ठिकाणी होत, त्यामुळे तुमच्या म्हणण्याप्रमाणे ‘कच्छ’ काढून तिथे ‘बहुधा पश्चिम भारत’ असं लिहिलं आहे. तुमच्याकडच्या अडकित्त्याच्या बिजागरीचा आणि सुपारीच्या खाचेचा जवळून घेतलेला फोटो पाठवलात, तर त्याबद्दल नेमकं बोलता येईल.